चाकण कारखाना पुरस्कार संध्याकाळ: निवेदन, शेवटचा पुरस्कार

(टाळ्या ओसरू द्या.)

निवेदिका: मंडळी, आता तो पुरस्कार, ज्यासाठी मागच्या रांगेतून मघापासून शिट्ट्या येतायत. अँड टू अवर फ्रेंड्स फ्रॉम द चेन्नई प्लांट: येस, दॅट नॉइझी रो इज द प्रेस शॉप!

डाय बदलायला पूर्वी पाऊण तास लागायचा. बोल्ट शोधा, क्रेनची वाट बघा, तोवर चहा गार. टुडे? ट्वेल्व्ह मिनिट्स! द नेक्स्ट डाय वेट्स बिसाइड द प्रेस, विथ एव्हरी टूल ऑन वन ट्रॉली. आणि ती ट्रॉली बनवली कुणी? भंगारातल्या रॅकपासून, यांनीच!

द बेस्ट टीम अवॉर्ड गोज टू... (थांबा. मागच्यांना ओरडू द्या.) ...प्रेस शॉप, दुसरी पाळी!

(हलगी. टीम मंचावर.)

मे आय रिक्वेस्ट अवर प्लांट हेड टू प्रेझेंट द ट्रॉफी? साहेब, जड आहे हं, पण उचलायला अकरा जण आहेत. एव्हरीवन, स्क्वीझ इन फॉर द फोटो! मागचे काका, आज हेल्मेट नको, हसू मात्र कम्पल्सरी.

फोटो झाला की थेट जेवण. डिनर इज ऑन द लॉन. तांबडा-पांढरा डावीकडे, व्हेज उजवीकडे. चेन्नई, प्लीज स्टार्ट विथ द पांढरा!