आय फाइव्ह आहे ना

"आय फाइव्ह आहे ना काका? मग जीटीए फाइव्ह पळणारच."

ओंकारनं नोटा आधीच काउंटरवर मांडल्या होत्या. द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसला जाऊन साठवलेले आठ हजार. तासगावच्या त्या दुकानात जुना डेल ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटर तेवढ्यालाच लावला होता.

सुरेशकाकांनी नोटांना हात लावला नाही. मशीन चालू करून `dxdiag` टाइप केलं, डिस्प्लेचं पान उघडलं. "वाच."

"इंटेल एचडी ग्राफिक्स."

"म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. प्रोसेसरच्या पोटात जेवढं आहे तेवढ्यावर भागवायचं. प्रोसेसरला नाव ठेवत नाही मी. २०१२ चा आहे, पण गेमवाल्यांनी रेकमेंडेडमध्ये हाच लिहिलाय, ३४७०. तुला कुणी सांगितलं असेल तर खोटं नाही सांगितलं. त्याच यादीत खाली ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६० आहे, ते नाही सांगितलं. इथं रॅम ४."

"पण चालू तर होईल?"

"होईल की. मी लावून बघितलाय. सगळी सेटिंगं तळाला नेली, तरी पोलीस मागं लागले की गाडी एकदम भिंतीतच दिसते. मधलं काय घडलं ते कळत नाही."

ओंकार हसला नाही. "मग कार्ड टाका."

काकांनी बाजूचं झाकण काढलं. आत पंख्यावर कुठल्यातरी ऑफिसातली करडी धूळ बसली होती. "खोकं बारकं आहे. अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. पॉवर सप्लाय २४० वॉटचा, त्यामुळं वेगळी वायर मागणारं कार्ड विसर. जीटी १०३० बसेल, त्यावर लो सेटिंगला बरा चालेल. पण त्यात दोन जाती आहेत. जीडीडीआर ५ वालंच घ्यायचं. डीडीआर ४ वालं त्याच नावानं विकतात, ते फार मंद. डबा वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, माझ्याकडंसुद्धा."

"म्हणजे अजून किती?"

"जुनं कार्ड आणि ४ जीबी रॅम धरून साडेतीन हजार तरी."

"आणि असंच नेलं तर काय चालेल?"

"जुना जीटीए, सॅन अँड्रियास. लोण्यासारखा."

"तो माझ्या मोबाइलवर चालतो, काका."

आता काकाच हसले. नोटांची चवड त्यांनी त्याच्याकडं सरकवली.

ओंकारनं त्यातली पाचशेची एक परत पुढं केली. "ॲडव्हान्स ठेवा. दिवाळीपर्यंत जमवतो. नाहीतर विकून टाकाल."

"विकणारच. दुकान आहे हे. असली मशीनं पुण्याच्या ऑफिसांतून टेम्पो भरून येतात, दिवाळीला दुसरं असेल. पैसे उचल, आणि येताना पेन ड्राइव्ह नको आणू, चोरीचा गेम मी टाकून देत नाही. सेलमध्ये घ्यायचा, तेही हिशेबात धर."

"तेपण?"

"तेपण."

ओंकारनं मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला.