घर हलेल, आतलं काही हलणार नाही

पुनर्विकासासाठी घर रिकामे करणाऱ्या कोथरूड, कर्वेनगर आणि एरंडवणे येथील कुटुंबांसाठी

इमारत पाडण्याची तारीख ठरली, भाड्याचे घर मिळाले, करारावर सह्याही झाल्या. तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत असतो, आणि तो पलंगाचा किंवा सोफ्याचा नसतो. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, लग्नात आलेला काचेचा सेट, कपाटाच्या दाराचा आरसा आणि भिंतीवरील आजोबांची काचेची तसबीर धडपणे पोहोचेल का, हा तो विचार असतो. घरसामान बांधून हलवण्याचे काम करणारे आम्ही ही भीती अवाजवी मानत नाही. पुनर्विकासात तर घर दोनदा हलते, एकदा भाड्याच्या जागेत आणि काही वर्षांनी परत नव्या इमारतीत, त्यामुळे जी वस्तू पहिल्या वेळी वाचली ती दुसऱ्या वेळीही वाचली पाहिजे.

ट्रकला खड्ड्यात बसणारे धक्के पुण्यात कोणालाही टाळता येणार नाहीत, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु काचसामान बहुधा त्या धक्क्याने फुटत नाही. ते फुटते खोक्यात राहिलेल्या रिकाम्या जागेमुळे, कारण त्या जागेत दोन वस्तूंना एकमेकींवर आपटायला वाव मिळतो. म्हणून आमचे सारे काम ती जागा शिल्लक न ठेवण्याचे आहे. खोके चिकटपट्टीने बंद करण्यापूर्वी आमचा माणूस ते आपल्यासमोर दोन्ही हातांनी उचलतो, कानाजवळ नेऊन हळूच हलवतो, आणि आतून किंचितही किणकिण ऐकू आली तर ते पुन्हा उघडून भरतो. ही परीक्षा पार केलेल्या प्रत्येक खोक्यावर ‘हलवून पाहिले, आवाज नाही’ अशी चिठ्ठी लावली जाते, आणि तिच्यावर घरातील एका व्यक्तीची सही घेतली जाते.

स्वयंपाकघराला आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो. ताटल्या आणि बशा एकावर एक आडव्या रचल्या की वरच्या सगळ्यांचा भार तळाच्या बशीवर येतो. म्हणून प्रत्येक बशी कागदात स्वतंत्र गुंडाळून कडेवर उभी लावली जाते, तळाला आणि वरती चुरगळलेल्या कागदाचा जाड थर दिला जातो, आणि कपांच्या पोटातही कागद भरला जातो, कारण कपाचा कान तुटतो तो आत-बाहेर आधार नसल्यानेच. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांवर उतरते, त्यामुळे भांड्याला लागून कोरा कागद असतो आणि रद्दी फक्त बाहेरच्या भरावासाठी वापरली जाते. जड वस्तू लहान खोक्यात आणि हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात, हा नियम साधा आहे, तरी घाईत नेमका तोच मोडला जातो. पोळपाट, पाटा आणि खलबत्ता काचेच्या खोक्यात ‘जागा उरली आहे’ म्हणून टाकू देण्याची विनंती कोणी केल्यास आम्ही नम्रपणे नकार देतो. भरलेली लोणच्याची बरणीही आम्ही बांधत नाही. तेल झिरपले की पुठ्ठा मऊ पडतो, आणि मग त्या खोक्यावर ठेवलेले दुसरे खोकेही सुरक्षित राहत नाही. लोणचे आपल्या मांडीवरून जावे, रिकामी धुऊन पुसलेली बरणी आमच्याकडे द्यावी. तिचे झाकण वेगळे गुंडाळले जाईल.

आरशावर चिकटपट्टीची फुली मारलेली आपण पाहिली असेल. त्या फुलीने आरसा वाचत नाही, फुटलाच तर तुकडे विखुरत नाहीत, इतकाच तिचा उपयोग आहे. आरशाला वाचवतात ते दोन्ही बाजूंचे पन्हाळी पुठ्ठे, कोपऱ्यांवरचे जाड आवरण आणि ट्रकमध्ये त्याला कधीही आडवे न ठेवता गादीच्या आधाराने उभे बांधणे. दूरदर्शन संचालाही हेच लागू आहे. त्याचे मूळ खोके माळ्यावर असेल तर ते काढून ठेवावे, त्यातील थर्माकोल आमच्या कोणत्याही साहित्यापेक्षा त्याला अधिक नेमका बसतो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा, तो उभाच नेला जाईल आणि नव्या घरात काही तास तसाच ठेवून मगच चालू करावा. समोरून कपडे घालायच्या धुलाई यंत्राचे मागचे लांब बोल्ट, जे यंत्र बसवताना काढून हातात दिले गेले होते, ते शोधून ठेवावेत, कारण त्यांच्याशिवाय प्रवासात आतील पिंप मोकळे हिंदकळते.

देवघरातील मूर्ती, टाक, दागिने आणि घराची कागदपत्रे आपण स्वतः न्यावीत, असा आमचा आग्रह आहे. हे जबाबदारी टाळण्यासाठी नाही. या वस्तू आपल्या हातात असल्या की उरलेल्या सामानाकडे आपल्याला शांतपणे पाहता येते, असा आमचा अनुभव आहे.

जी माणसे आपल्या घरी खोकी भरतील, तीच ट्रक भरतील आणि तीच नव्या घरी खोकी उघडतील. जुन्या तीन मजली इमारतींना बहुतेक लिफ्ट नसते आणि जिन्याचे वळण अरुंद असते, म्हणून पाहणीच्या वेळी आमचा माणूस जिन्याची रुंदी मोजतो. कपाट त्या वळणावरून जाणार नसेल तर ते घरातच सुटे केले जाईल, जिन्यात नाही.

इतके करूनही काही फुटलेच तर काय, याचे उत्तर आधीच कागदावर असले पाहिजे. बांधणी सुरू होण्यापूर्वी वस्तूंची यादी आणि नाजूक वस्तूंची छायाचित्रे घेतली जातात, आणि त्यांची किंमत आपल्याकडून लेखी घेतली जाते. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी असलेल्या 2007 च्या कायद्यानुसार, पाठवणाऱ्याने जास्त किंमत लेखी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराचे दायित्व ठरावीक मर्यादेतच राहते. म्हणून हा रकाना कृपया कोरा सोडू नये. प्रवासविम्याचा हप्ता वेगळा दाखवला जाईल, आणि त्यात कोणत्या वस्तू बसत नाहीत हे सहीपूर्वी वाचून दाखवले जाईल. आजीच्या बरणीची किंमत रुपयांत लिहिणे कठीण असते, हे आम्ही जाणतो. तरीही काहीतरी आकडा लिहावा.

भाड्याच्या घरात जे लागणार नाही, त्या खोक्यांवर लाल पट्टी लावली जाईल. ती तिथे उघडू नयेत, भिंतीपासून थोडी दूर आणि फरशीवर न ठेवता फळीवर रचावीत, म्हणजे पावसाळ्यातील ओल पुठ्ठ्याला लागणार नाही. नव्या इमारतीत परतताना आम्ही तीच खोकी पुन्हा हलवून पाहू आणि पुठ्ठा दबला असेल तर बदलून देऊ.

पाहणीसाठी शुल्क नाही. आपल्या सोसायटीच्या कार्यालयात आमची तारखांची वही ठेवली आहे. तिच्यात सदनिका क्रमांक आणि सोयीची वेळ लिहावी, मात्र घर सोडण्याच्या किमान आठ दिवस आधी. स्वयंपाकघर आदल्या दिवशी बांधले जाते, त्यामुळे चहाचे एक पातेले, गाळणे आणि चार स्टीलचे पेले तेवढे बाहेर ठेवावेत.