गुरुवारी सोलर दुरुस्तीला येतोय – सकाळी 7 वाजता

नमस्कार काकू. शाहूपुरीतल्या तुमच्या सोलरचं काम गुरुवारी, 20 तारखेला पक्कं. सागर सकाळी 7 ते सव्वासातच्या दरम्यान पोचेल, निघताना फोन करेल. तुम्ही 11 नंतर या म्हणाला होता, पण उन्हात ट्यूब बदलता येत नाहीत. रिकामी ट्यूब तापली आणि तिच्यात गार पाणी गेलं की काच तडकते. म्हणून एवढ्या लवकर.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. ट्यूबच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखी चकाकी असते. तुमच्या दोन ट्यूबची टोकं दुधासारखी पांढरी दिसतायत, म्हणजे त्यांच्यात हवा शिरलीय. संध्याकाळी पाणी कडक आणि पहाटे कोमट, असं होतंय ते बहुतेक त्यामुळेच. सागर दोन नव्या ट्यूब, एक जादाची आणि रबरी रिंगा घेऊन येईल.

तुमच्याकडून एवढं बघा. सगळ्यांच्या आंघोळी 7 च्या आत उरकून घ्या. टाकीतलं 200 लिटर पाणी सोडावं लागणार आहे, वाया घालवायचं नसेल तर बादल्या-पातेली भरून ठेवा. मात्र आदल्या रात्री टाकी स्वतः रिकामी करू नका, कॉकलाही हात लावू नका, ते सागर करेल. गच्चीवरची गार पाण्याची टाकी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. सोलरची टाकी आणि 20 ट्यूब परत भरायला अडीचशे लिटर तरी लागतं, आणि मधेच पाणी संपलं की सागर वरच अडकून बसतो. मागच्या आठवड्यात गोडोलीत एके ठिकाणी दोन तास बसला होता!

सोलरच्या हीटरचं बटण बुधवारी रात्रीच बंद करा आणि नातवाला सांगून ठेवा. रिकाम्या टाकीत ते चालू राहिलं तर कॉइल जळते.

गच्चीच्या दाराची किल्ली हाताशी असू दे. शेंगा वाळत घातल्यात म्हणालात, तेवढ्या सोलरखालून बाजूला घ्या, पाणी तिथंच सांडणार. शिडी तुमची चालेल. मोत्याला बांधून ठेवा, सागर त्याला फार भितो. बिल आणि वॉरंटी कार्ड सापडलं तर बरं, नाही सापडलं तरी काम अडत नाही.

काम दीड तासाचं. येण्याचे 350 रुपये, ट्यूबचे पैसे वेगळे. जुन्या ट्यूब आधी तुम्हाला दाखवेल, मगच बदलेल. त्या दिवशी दुपारपर्यंत गरम पाणी मिळणार नाही. शुक्रवारी पहाटे नळ सोडून बघा आणि मला कळवा.

गुरुवारी जमणार नसेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. काका तेवढ्यात फिरायला जाणार असतील तर घरी तुम्ही तरी थांबा, काम झाल्यावर कुणीतरी बघून घ्यायला हवं.