कूलरच्या मराठी माहितीपुस्तिकेवर अभिप्राय (छपाईपूर्वीची प्रत, २४ पानं)

सोमवारी आपल्या हिंगण्याच्या ऑफिसातून पुस्तिकेची प्रत मिळाली. मी आयटीआयमध्ये वर्षानुवर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला आहे. त्यामुळे ती मी एकट्यानं वाचून उपयोग नव्हता, कारण कूलर आतून ठाऊक असलेल्या माणसाला चुकीचं वाक्यही बरोबरच वाचता येतं. म्हणून पहिल्यांदाच कूलर घेणारे दोन वाचक बोलावले. एक नर्सिंग शिकणारी मुलगी, अहेरीकडची, मानेवाड्यात खोली करून राहते. दुसरा कळमना मार्केटात पिकअप चालवतो. त्यानं या महिन्यात हप्त्यांवर कूलर घेतला आहे. आपण पाठवलेला ६० लिटरचा नमुना अंगणात ठेवला, पुस्तिका त्यांच्या हातात दिली आणि मी खुर्चीत बसून पाहत राहिलो. बोर्डाचा मेन आधीच पाडून ठेवला होता. ते त्यांना सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आधी पान ५. त्यावर वाक्य आहे : ‘वापरण्यापूर्वी उपकरण जमिनीवर असल्याची खात्री करा.’

मुलीनं ते दोनदा वाचलं. मग वाकून कूलरखाली पाहिलं, एकेक चाक हातानं हलवून बघितलं आणि म्हणाली, ‘चारही टेकली आहेत काका.’ पेन्सिलीनं वाक्यापुढे बरोबरची खूणही केली. पिकअपवाला मात्र अडला. ‘माझा त खिडकीत स्टँडवर राहीन. मंग चालत नाही का जी?’

मूळ इंग्रजीत तिथं आर्थिंगबद्दल लिहिलेलं असणार. ‘ग्राउंड’चं भाषांतर ‘जमीन’ झालं आणि पुस्तिकेतली सर्वांत मोलाची सूचना गायब झाली. नुसती गायब झाली असती तरी एक वेळ चाललं असतं. इथं वाचणारा ती पाळल्याचं समाधान घेऊन पुढच्या ओळीकडे जातो. आर्थिंग हा शब्द २४ पानांत कुठंच नाही. पान १९ वर ‘भूसंपर्कन’ आहे, पण तो मोटरच्या तक्त्यात, आणि तो वाचून दोघांपैकी कोणालाही काही समजलं नाही.

नागपुरात कूलर पत्र्याचा, पाण्यानं भरलेला, त्या पाण्यात विजेचा पंप बुडवलेला आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस, असा वापरला जातो. पंपाचं किंवा वायरीचं इन्सुलेशन गेलं की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. आर्थिंग धड असेल तर तो बराचसा तिकडून जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. महावितरण दरवर्षी उन्हाळ्यात कूलर सांभाळून वापरण्याचं आवाहन करतं, ते उगाच नाही.

या जागी असा मजकूर घ्यावा :

‘कूलरला आर्थिंग लागतंच. प्लग तीन पिनांचाच ठेवा. जाड, लांब पीन आर्थिंगची असते, ती तोडू नका, दोन पिनांचा जोड लावू नका. घरातल्या सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे मागे आर्थिंगची वायर आहेच, असं नाही. कूलर लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.’

शेवटची दोन वाक्यं काटू नयेत. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. काही कारागीर तर सॉकेटातच न्यूट्रलला आर्थिंगची पीन जोडून मोकळे होतात. मग न्यूट्रल कुठं तुटला की कूलरचा अख्खा पत्रा जिवंत. हा तपशील पुस्तिकेत नको, ग्राहक घाबरेल. आपल्या सर्व्हिसच्या पोरांना मात्र तो पाठ हवा.

आता शब्द. पान ७ वर ‘सुके धावणे कटाक्षाने टाळावे’ असं आहे. आपल्याला म्हणायचं आहे की टाकीत पाणी नसताना पंप चालवू नका. कूलरला चाकं आहेत. मुलीनं अर्थ लावला की टाकी रिकामी असताना कूलर ढकलायचा नाही. म्हणून तिनं आधी बादल्यांनी टाकी भरली आणि मग तो ओसरीकडे लोटायला लागली. साठ लिटर म्हणजे साठ किलो पाणी, वर कूलरचं वजन. उंबऱ्याशी चाक अडकलं, पाणी हिंदकळलं आणि वायरीच्या बाजूनंच खाली आलं. मेन पाडलेला होता म्हणून मी खुर्चीतून उठलो नाही.

त्याच पानावर ‘स्वयं भरण सुविधा’. पाईप जोडला की फ्लोट वर येऊन पाणी आपोआप बंद होतं, ही ती सोय. पिकअपवाल्यानं ‘स्वयं’चा अर्थ ‘स्वतः भरायचं’ असा घेतला. मराठीत तोही अर्थ होतो, त्याची चूक नाही. ‘नळाचा पाईप जोडल्यास टाकी आपोआप भरते’ असं लिहिलं की विषय मिटला.

‘मधाच्या पोळ्याची गादी’ वाचून त्यानं खोका उलटा करून झटकला, गादी राहिली की काय आत. बाजारात त्याला हनीकॉम्ब पॅड म्हणतात, दुकानदारही आणि गिऱ्हाईकही. तेच लिहा. ‘दोलन’ला स्विंग, ‘निर्वहन छिद्र’ला पाणी काढायचं बूच, ‘तरंगती झडप’ला फ्लोट. भाषा शुद्ध ठेवण्याला माझा विरोध नाही, उलट वर्गात मी पोरांना मराठीतच शिकवलं. पण ज्या शब्दानं वस्तू हाताशी येत नाही, तो मॅन्युअलमध्ये काय कामाचा?

पान ११ वरचं वाक्य : ‘मुख्यापासून विलग न करता आतील भागास स्पर्श करू नये असे नाही केल्यास गैरसोय संभवते.’ हे मी चारदा वाचलं. ‘मुख्य’ म्हणजे मेन सप्लाय असावा. पण पुढे नकारावर नकार असे बसलेत की हात लावायचा की नाही, ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि ‘गैरसोय’? ओल्या हातानं चालू कूलरच्या टाकीत हात घातला तर माणूस मरतो. २४ पानांत ‘शॉक’ हा शब्द एकदाही नाही, ‘जीव जाऊ शकतो’ हेही नाही. वॉरंटीच्या अटी मात्र चार पानं आहेत, अगदी सोप्या मराठीत. ती चार पानं ज्यानं लिहिली, त्यालाच सुरक्षेचं पान लिहायला सांगा, असं सुचवतो. चेष्टा करत नाही.

पान १२ वर ‘औष्णिक अतिभार प्राप्त झाल्यास मोटर विश्राम घेईल’. मोटर फार तापली की आतलं थर्मल प्रोटेक्टर ती बंद करतं, हे खरं. पण आपल्या मॉडेलमध्ये थंड झाल्यावर ती आपली आपणच पुन्हा सुरू होते, आणि ते कुठंही लिहिलेलं नाही. कूलर बंद पडला असं समजून कोणी मागची जाळी काढून पंख्यात हात घालेल, नेमका तेव्हाच पंखा फिरेल. ‘बंद पडला तर आधी प्लग काढा. मोटर थंड झाल्यावर अचानक सुरू होऊ शकते’ हे ठळक टाईपात हवं.

जे मुळातच नाही त्यात पहिला मान टाकी भरण्याला. दोघांनीही स्विच चालू ठेवून पाणी ओतलं. पुस्तिकेनं त्यांना थांबवलं नाही. दुसरी गोष्ट खिडकीची. नागपुरात निम्मे कूलर बाहेर लोखंडी स्टँडवर असतात आणि पत्रा खिडकीच्या ग्रिलला टेकलेला असतो. त्याच ग्रिलला कपडे वाळवायची तार बांधलेली. कूलरमध्ये करंट उतरला की तारेवरचा ओला टॉवेल काढणारीलाही तो बसतो, आणि तिला कळतही नाही कुठून आला. पान ३ वरच्या चित्रात तर खिडक्या बंद करून कुटुंब कूलरसमोर हसत बसलंय. ते चित्र बदला. कूलरला बाहेरून कोरडी हवा यायला आणि खोलीतून ओली हवा जायला वाट लागते. बंद खोलीत तासाभरात चादर दमट होते आणि गिऱ्हाईक तक्रार करतं की माल खराब.

पहिल्या पानावर, वॉरंटीच्याही आधी, खालचा मजकूर चौकटीत छापावा :

‘पाणी भरण्याआधी, टाकी पुसण्याआधी, कूलर हलवण्याआधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. ओल्या हातानं किंवा अनवाणी पायानं चालू कूलरला हात लावू नका. मुलांना कूलरजवळ पाण्यात खेळू देऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवर ठेवू नका, पाणी सांडलं की तो भिजतो. कूलर लोखंडी ग्रिलला, दाराला टेकवू नका. शक्य असेल तर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कूलर लगेच बंद करा, मिस्त्री येईपर्यंत वापरू नका.

कोणी चिकटला तर त्याला हातानं ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं त्याला बाजूला करा. १०८ ला फोन करा.’

टेस्टरबद्दल पान १४ वर ‘दिवा न पेटल्यास उपकरण निर्धोक’ असं लिहिलंय. हे काढाच. टेस्टर पेटला तर धोका आहे हे नक्की, पण नाही पेटला म्हणून निर्धोक म्हणता येत नाही.

बाकी बारीकसारीक. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करायची, हे यायला हवं. डेंग्यूचा डास टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. पावसाळ्यात दमट हवेत कूलर फारसा गार करत नाही, हेही सांगा, म्हणजे जुलैतल्या तक्रारी कमी होतील. अक्षर दोन पॉइंट मोठं करा. पान ८ आणि ९ ची चित्रं आपसांत बदलली आहेत.

खुणा केलेली प्रत शनिवारी आणून देतो. दुरुस्त मजकूर आला की याच मुलीला पुन्हा वाचायला बसवीन, मेन पाडूनच. पाणी ओतण्याआधी तिचा हात आपणहून प्लगकडे गेला तर छपाईला माझी हरकत नाही.