सोमवारी मंडळीत कोणी वारलं तर?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

काल रात्री जेवताना मी तुमच्याकडे बघत होतो. पाचगणीचा गारवा, ताटात गरमागरम रस्सा, आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारी फोन. एक जण तर घास तोंडात असतानाच उठला आणि व्हरांड्यात जाऊन कुणासाठी तरी फोनवर प्रार्थना करून आला. तोवर रस्सा निवला होता. मी काही बोललो नाही. मी स्वतः तीस वर्षं निवलेला रस्साच खाल्लाय.

ईस्टर नुकताच झालाय. लेंटभर घरोघरच्या प्रार्थनासभा, गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना, मग रविवारी अंधारातच कबरस्तानातली पहाटेची उपासना. तुमचे चेहरे सांगतायत. म्हणून आज बायबल स्टडी घेत नाही. स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

1999 चा डिसेंबर. त्या महिन्यात तीन दफनविधी झाले होते, कॅरोल पार्ट्या रोज रात्री एकपर्यंत चालायच्या, आणि चर्चच्या रंगकामावरून कमिटीत दोन तट पडलेले. सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. मंडळीतल्या एक आजी गेल्या होत्या. मी नवीन पाळक म्हणून त्या गावात आलो तेव्हा पहिल्या दिवशी आम्हाला पिठलं-भाकरी आणून देणाऱ्या त्याच आजी. आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो असा: 'आजच?'

दुपारी कबरीपाशी उभा राहिलो. 'मातीला माती' म्हणताना मी मनात हिशेब करत होतो, की दीडला मोकळा झालो तर दोनची नाटकाची तालीम गाठता येईल. पुढे प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची वेळ आली आणि मला नाव आठवेना. थोरल्या मुलानं हळूच सांगितलं. लोकांना वाटलं, पाळकसाहेबांना गहिवरून आलं. घरी येताना दोघांनी तसं म्हणूनही दाखवलं.

पाळकांनो, मला गहिवर वगैरे काही आला नव्हता. आत काहीच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली बर्नआउटची तीन लक्षणं मांडली. त्याला आजार न म्हणता कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलंय. शक्ती संपणं हे पहिलं. कामाबद्दल मन तुटणं, कडवटपणा येणं हे दुसरं. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं हे तिसरं. पहिलं आपण कौतुकानं सांगतो, 'फार धावपळ आहे हो.' तिसरं प्रार्थनेत कबूल करतो. दुसऱ्याबद्दल मात्र आपण गप्प बसतो, कारण पाळकाला माणसांचा कंटाळा आला हे बोलायचं कुठे? माझा 'आजच?' तो हाच.

आता एलीयाकडे या. 1 राजे, अध्याय 19. कर्मेलावर अग्नी उतरला, मोठा विजय झाला, आणि पुढच्याच अध्यायात हा माणूस रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवदूतानं त्याला निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. हे आपण सगळ्यांनी प्रवचनात वापरलंय. मी तुम्हाला तिसरं वचन दाखवतो, ज्यावरून आपण पटकन पुढे जातो. बैर-शेब्याला त्यानं आपल्या चाकराला मागे ठेवलं आणि एकटाच रानात गेला. झुडपाखाली जाण्याआधीच त्यानं सोबतचा एकमेव माणूस सोडला होता. मग डोंगरावर देवाला सांगतो काय, तर 'मी एकटाच उरलोय'! देवानं त्याला सांगितलं की सात हजार शिल्लक आहेत, आणि तुझ्या जागी अलीशाचा अभिषेक कर. म्हणजे भाकर आणि झोप तर दिलीच, पण त्याचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवायलाही लावलं. हा भाग आपल्याला रुचत नाही. 'माझ्याशिवाय मंडळीचं कसं होईल' हे वाक्य आपण काळजीच्या सुरात म्हणतो, पण त्यात सुख किती असतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

कफर्णहूमात सकाळी शिष्य येशूला शोधत गेले आणि म्हणाले, सगळे लोक तुम्हाला शोधतायत. आपण असतो तर चपला घातल्या असत्या. प्रभू म्हणाला, चला, दुसऱ्या गावांत जाऊ. दारात आजारी माणसं असतीलच ना? तरी गेला.

आता घराचं. त्याच डिसेंबरात एका रात्री अकराला घरी आलो. ताट झाकून ठेवलेलं. पत्नी जागी होती. म्हणाली, "मंडळीतल्या कुणाला बरं नसलं की तुम्ही जाता. मला बरं नसलं तर कोण येतं? माझा पाळक कोण?" मला उत्तर देता आलं नाही. आपण टिळकांचे अभंग डोळे मिटून गातो, पण त्यांनी उदारपणे सगळं वाटून टाकल्यावर घर कसं चाललं, ते लक्ष्मीबाईंना विचारायला हवं. त्यांनी लिहून ठेवलंच आहे. आमच्या घरी उपाय असा निघाला की दुसऱ्या पंथाच्या एक वयस्क बहीण तिच्यासाठी प्रार्थना करू लागल्या. त्यांच्यापाशी ती माझ्या तक्रारी करते. करू दे.

बाकी व्यवहाराचं पटपट सांगतो. रात्री दहानंतर फोन मंडळीच्या एका वडिलांकडे द्या, पाळीपाळीनं. मृत्यू, अपघात, किंवा कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, एवढ्यासाठीच त्यांनी तुमचं दार वाजवायचं. रंगकामाचं भांडण सकाळी आठलाही तितकंच ताजं असतं. घरभेटींसाठी चार माणसं तयार करा, सुरुवातीला लोक कुरकुरतील, "साहेब का नाही आले?" कुरकुरू द्या. आणि कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नका. मी पतपेढीत एकाला राहिलो आणि तीन वर्षं माझ्या पगारातून त्याची मोटरसायकल फेडली. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायावर त्याआधी माझं उत्तम प्रवचन झालं होतं.

तुमच्यातले काही जण दिवसा शाळेत शिकवतात आणि तीन गावं सांभाळतात. त्यांना 'सोमवारी सुट्टी घ्या' म्हणणं सोपं आहे. त्यांनी निदान अर्धा दिवस ठरवावा आणि तो कमिटीला लेखी कळवावा. तोंडी सांगितलेली सुट्टी टिकत नाही.

आणि झोप येत नसेल, आठवडेच्या आठवडे मन उठत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. बीपीची गोळी घेताना आपला विश्वास डळमळत नाही, मग इथे का डळमळावा?

काल एका बहिणीनं विचारलं, सोमवार सुट्टीचा ठरवला आणि सोमवारीच मंडळीत कोणी वारलं तर? जायचं. अर्थातच जायचं. रानात विसाव्याला निघालेल्या येशूपुढेही लोक येऊन उभे राहिले आणि त्याला कळवळा आला. पण त्याच संध्याकाळी त्यानं लोकसमुदायाला निरोप दिला आणि प्रार्थनेला डोंगरावर गेला. तुम्ही सोमवारी गेलात तर मंगळवार घ्या. मी त्या आजींच्या दफनानंतर मंगळवार घेतला नाही, बुधवारही नाही. फेब्रुवारीत वेदीपाशी चक्कर येऊन पडलो तेव्हा सहा आठवडे एकदम घ्यावे लागले. मंडळी व्यवस्थित चालली. मला जरा वाईटच वाटलं.

आता जेवायला चला. स्वयंपाकघराच्या दाराशी एक मोठं पातेलं ठेवलंय, फोन त्यात टाका. ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे त्यांनी जवळ ठेवावा. कार्यक्रमपत्रिकेत दोन ते चार 'वैयक्तिक मनन' छापलंय. ते मीच छापायला लावलं. 'झोप' लिहिलं असतं तर कमिटीनं पैसे मंजूर केले नसते. खोल्यांत जादा रग ठेवलेत, चारला चहा आहे.