भिवापुरी मिरचीचं तिखट, वायगावची हळद, खडा मसाला आणि आसामचा चहा : एप्रिल २०२५ ची पाकिटं

दुकान इतवारी, नागपूर. सगळी वजनं निव्वळ मालाची, पिशवी वगळून. किमती सर्व करांसहित, घरपोच खर्च वेगळा.

भिवापुरी लाल तिखट, २०० ग्रॅम, ₹११०
मूळ: भिवापूर तालुका, जि. नागपूर. एकाच शेतकऱ्याचा माल, मार्चमध्ये घेतलेला.
दळण: मध्यम, बिया सकट. दळल्याची तारीख ९ एप्रिल, पॅकिंग १० एप्रिल २०२५.

४० किलो वाळकी मिरची आणली होती. देठ खुडून, कचरा आणि पांढरी पडलेली मिरची वेचून ३६ किलो उरली, दळून हाती आली ३५ किलो. म्हणजे १७५ पाकिटं. ती संपली की हा लॉट संपला, दुसऱ्या मिरचीने भरून काढणार नाही. दळताना तेल घातलेलं नाही, म्हणून तिखट चिमटीत कोरडं लागेल आणि रंग बाजारच्या लालभडक पुडीपेक्षा फिका वाटेल. आमटीत मात्र जपून टाका, सवय नसेल तर नेहमीच्या अर्ध्यापासून सुरुवात करा.

भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे. त्याचं बोधचिन्ह आमच्या पिशवीवर दिसणार नाही, कारण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि आमची ती झालेली नाही. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यात तळाशी लांबट, गडद मिरची निघाली. वरची मूठ पाहून आम्ही पोतं घेतलं होतं. तो सगळा माल ‘मिश्र मिरची’ म्हणून कमी भावात विकला. तेव्हापासून पोतं ताडपत्रीवर ओतून पाहिल्याशिवाय घेत नाही.

हळद पूड, २०० ग्रॅम, ₹९०
मूळ: वायगाव, ता. समुद्रपूर, जि. वर्धा. याच हंगामातली, उकडून वाळवलेली.
दळण: बारीक. दळलं १५ एप्रिल, पॅकिंग १६ एप्रिल २०२५.
करक्युमिनचा टक्का लिहिलेला नाही, कारण या लॉटची तपासणी केलेली नाही. अख्खी हळकुंडं हवी असतील तर ती २५० ग्रॅमच्या पाकिटात ₹८५ ला आहेत.

खडा मसाला, सुटी पाकिटं, अख्खा माल
पॅकिंग सगळ्यांचं २१ एप्रिल २०२५.
धणे, रामगंज मंडी (राजस्थान), २५० ग्रॅम, ₹६०.
जिरे, उंझा (गुजरात), १०० ग्रॅम, ₹५०.
काळी मिरी, वायनाड (केरळ), ५० ग्रॅम, ₹६५.
दालचिनी, ५० ग्रॅम, ₹४०. ही कॅशिया आहे, व्हिएतनामहून आयात केलेली. साल जाड, चव तिखटगोड. सावजी रश्श्याला इथे बहुतेक हीच पडते. श्रीलंकेची पातळ, कागदासारखी वळलेली दालचिनी वेगळी, ती आमच्याकडे नाही.
दळून हवं असेल तर ऑर्डरमध्ये ‘भरड’ किंवा ‘बारीक’ लिहा. ऑर्डर आल्यावर दळतो आणि दळल्याची तारीख पाकिटावर पेनने टाकतो. त्याला एक दिवस जास्त लागतो.

आसाम सीटीसी चहा, ५०० ग्रॅम, ₹२४०
मूळ: दिब्रुगड जिल्हा, आसाम. दाणा: बीपी, म्हणजे मध्यम. डस्ट मिसळलेली नाही.
कारखान्यात तयार झाला: ऑक्टोबर २०२४. आमच्याकडे पॅकिंग: १८ एप्रिल २०२५.

दोन तारखा मुद्दाम दिल्या आहेत. पाकिटावरची पॅकिंगची तारीख पाहून चहा नवा आहे असं वाटतं, पण पेटी फोडून भरण्याचा तो फक्त दिवस असतो. हा माल गेल्या हंगामाच्या शेवटाकडचा आहे, आसामात थंडीत तोडणी बंद असते. या वर्षाचा चहा आला की नवी नोंद लावू आणि उरलेल्या जुन्याचा भाव उतरवू. कडक रंग आणि दुधात टिकणारी चव यासाठी हा ठीक आहे. बिनदुधाचा चहा पिणाऱ्यांनी घेऊ नये, तुरट लागेल. दोन कपांना दीड चमचा पुरतो. वेलची, आलं, कसलाही वास यात घातलेला नाही.

साठवण: तिखट आणि हळद हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर. तिखट चार महिन्यांत संपवलेलं बरं. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं तिखट रंग लवकर सोडतं, जागा असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. चहा मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका.

वजनात फरक निघाला तर पाकीट न फोडता काट्यावर ठेवून फोटो पाठवा. रिकाम्या पिशवीचं वजन ६ ग्रॅम आहे, चहाच्या पिशवीचं ११ ग्रॅम, तेवढं वजा करा. कमी भरलं असेल तर पाकीट बदलून देऊ, परत पाठवायचा खर्च आमचा. अन्न परवाना क्रमांक प्रत्येक पाकिटाच्या मागे छापलेला आहे.