बिलिंग अॅपच्या लँडिंग पेजचे परीक्षण: दुसरा मसुदा

आपण पाठवलेला दुसरा मसुदा मी १४४० पिक्सेलच्या डेस्कटॉप फ्रेमवर आणि ३६० पिक्सेलच्या मोबाइल फ्रेमवर, दोन्हीकडे तपासला. पहिल्या मसुद्याच्या तुलनेत मांडणी बरीच सुटसुटीत झाली आहे आणि चित्रांची शैलीही एकसारखी झाली आहे. तरीही पेजला भेट देणाऱ्याकडून नेमके काय हवे आहे, हे अजून ठरलेले दिसत नाही, आणि खालच्या बहुतेक त्रुटी त्यातूनच आल्या आहेत.

पहिल्याच स्क्रीनवर ‘सुरू करा’, ‘डेमो पाहा’ आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशी तीन बटणे एकाच आकाराची, एकाच नारिंगी रंगाची आणि एका ओळीत आहेत. पेजचा उद्देश तीस दिवसांची मोफत चाचणी सुरू करून देणे हा असेल, तर भरीव रंगाचे बटण एकच असावे. डेमोचे बटण फक्त बाह्यरेषेचे करावे, आणि ‘अधिक जाणून घ्या’ काढूनच टाकावे, कारण ते ज्या विभागाकडे नेते तो स्क्रोल केल्यावर लगेचच येतो. ‘सुरू करा’ या शब्दांतूनही काय सुरू होणार याचा उलगडा होत नाही. ‘३० दिवस मोफत वापरून पाहा’ असे लिहिल्यास बटण लांबेल, पण दाबणाऱ्याला पुढे काय होणार हे आधीच कळेल. याच कृतीसाठी मधल्या विभागात ‘नोंदणी करा’ आणि तळाशी ‘खाते उघडा’ असे लिहिले आहे. एका कृतीला सगळीकडे एकच मजकूर असावा.

‘कार्डची माहिती द्यावी लागत नाही’ हे वाक्य सध्या फूटरच्या वर १२ पिक्सेलमध्ये, #999999 या करड्या रंगात आहे. बटण दाबण्याआधी मनात येणाऱ्या शंकेचे उत्तर तेच असताना ते पेजवर सर्वांत क्षीण दिसते. ते मुख्य बटणाच्या लगेच खाली आणावे.

रंगांबाबत थोडे सविस्तर लिहितो. डब्ल्यूसीएजी २.२ च्या एए पातळीनुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी ३:१ कॉन्ट्रास्ट लागतो. वरचा करडा रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर साधारण २.८५:१ भरतो, तिथे #595959 वापरल्यास तो ७:१ होतो. नारिंगी बटणावरची (#F97316) पांढरी अक्षरे २.८:१ वरच थांबतात, म्हणजे मोठ्या मजकुराची सवलत गृहीत धरली तरी ती नापास ठरतात. त्याच छटेतला #C2410C घेतल्यास कॉन्ट्रास्ट ५.१८:१ मिळतो आणि ब्रँडचा नारिंगी बाणाही टिकतो. मूळ नारिंगी चित्रांमध्ये खुशाल ठेवावा. फॉर्ममधली चूक सध्या केवळ चौकटीच्या लाल कडेने दाखवली आहे. ज्यांना लाल-हिरवा भेद दिसत नाही त्यांच्यासाठी चौकटीखाली शब्दांतही सूचना हवी.

अंतरांतली सर्वांत ठळक अडचण फॉर्ममध्ये आहे. ‘मोबाइल क्रमांक’ हे लेबल स्वतःच्या चौकटीपासून २४ पिक्सेलवर आणि वरच्या चौकटीपासून मात्र १६ पिक्सेलवर आहे, त्यामुळे ते वरच्याच चौकटीचे वाटते. ही अंतरे अनुक्रमे ८ आणि २४ करावीत. मोबाइलवर दोन बटणांमध्ये फक्त ४ पिक्सेल उरतात आणि बटणांची उंची ३२ आहे. अंगठ्याने दाबायच्या बटणाला निदान ४४ ते ४८ पिक्सेल उंची द्यावी.

मुख्य शीर्षकाला २ पिक्सेलचे लेटर-स्पेसिंग दिल्यामुळे देवनागरीची शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटली आहे. रोमन लिपीतल्या टेम्प्लेटमधून हे मूल्य जसेच्या तसे आले असावे. शिवाय ओळींची उंची १.१ असल्याने वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतात. पुढील मूल्ये वापरून पाहावीत:

```css
h1 {
  letter-spacing: 0;
  line-height: 1.4;
}
```

व्हिज्युअल हायरार्कीबद्दल बोलायचे तर शीर्षक ४० पिक्सेल, उपशीर्षक ३६ आणि वैशिष्ट्यांची नावे ३२, अशा जवळजवळच्या आकारांमुळे नजर कुठेच ठरत नाही. त्यात सगळेच ठळक वजनात आहे. शीर्षक ४४, उपशीर्षक २० आणि वैशिष्ट्यांची नावे २४ ठेवावीत, आणि ठळक वजन फक्त शीर्षकाला व मुख्य बटणाला द्यावे. उजवीकडचे बिलाचे चित्र सुंदर आहे, पण त्यातला ‘पैसे मिळाले’ हा हिरवा शिक्का पेजवरच्या कोणत्याही बटणापेक्षा जास्त बटणासारखा दिसतो. त्याची सावली काढून कोपरे सरळ करावेत.

पुढच्या मसुद्यात ३६० पिक्सेलची फ्रेम आधी आणि कुकीची पट्टी उघडी ठेवून दाखवावी, कारण सध्या तीच पट्टी मुख्य बटणावर येऊन बसते.